जकात, मूल्य आणि आपला खिसा

जकात हा शब्द आपल्या लोकांना नवा नाही. गावाच्या वेशीवर जकातनाका असे, गाडी थांबे, पावती फाटे आणि मग माल शहरात येई. मुंबईतली ही जकात 1 जुलै 2017 रोजी, वस्तू व सेवा कर सुरू झाला त्या दिवशी, संपली. परंतु देशाच्या वेशीवरची जकात, जिला कायद्यात सीमाशुल्क म्हणतात आणि बोलण्यात आपण कस्टम्स म्हणतो, ती अजून आहे आणि पुष्कळ काळ राहील. ही दोन्ही नाक्यांवरची वसुली दिसायला एकाच जातीची वाटते. माल अडवायचा, किंमत विचारायची आणि शेकडा अमुक घ्यायचे! पण दोहोंच्या स्वभावात मोठे अंतर आहे. ते अंतर कळले नाही म्हणजे अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छापलेले आकडे नुसते आकडेच राहतात. म्हणून आज एकच यंत्र परदेशातून आणून, त्याचा हिशेब पायरीपायरीने करून पाहावा असे मी योजिले आहे.

आपल्या गावात एक छापखाना आहे असे धरू. तेथे औषधांच्या बाटल्यांवरची लेबले आणि मालाची वेष्टने छापली जातात. मालकांना कागद कापण्याचे एक चांगले यंत्र जर्मनीतून आणावयाचे आहे. जर्मन कारखानदाराने किंमत सांगितली 20,000 युरो, आणि त्यात माल हँबुर्गच्या बंदरात जहाजावर चढवून देण्यापर्यंतचा खर्च आला. ह्या किमतीला व्यापारी लोक एफ. ओ. बी. किंमत म्हणतात. सोयीसाठी एका युरोचे शंभर रुपये धरू, म्हणजे ही किंमत 20,00,000 रुपये झाली. शुल्काचे दरही मी उदाहरणापुरतेच धरणार आहे. खरा दर ज्याचा त्याने त्या दिवशीच्या दरपत्रकात आणि सरकारी अधिसूचनेत पाहावयाचा असतो.

आता पहिला प्रश्न असा की शुल्क कशावर घ्यावयाचे? मालक म्हणतील, मी 20 लाखांचे यंत्र घेतले, तेव्हा 20 लाखांवर घ्या. कस्टम्सचा अधिकारी म्हणेल, तसे नाही. ज्या रकमेवर शुल्काचा दर लावावयाचा त्या रकमेला निर्धारणीय मूल्य असे नाव आहे, आणि ते काढण्याची रीत 1962 च्या सीमाशुल्क कायद्याच्या 14 व्या कलमात व 2007 च्या मूल्यनियमांत सांगितलेली आहे. तिचे सार असे की आपल्याकडे माल भारताच्या बंदरात पोचेपर्यंतची किंमत धरतात. म्हणून जहाजाचे भाडे आणि वाटेतला विमा हे दोन्ही मूळ किमतीत मिळवावे लागतात. सगळेच देश असे करतात असे नाही. अमेरिकेत भाडे व विमा सोडून शुल्क आकारतात. युरोपात ते आपल्यासारखेच मिळवितात. जागतिक करारानेच ही निवड ज्या त्या देशावर सोपविली आहे.

आपल्या यंत्राचे हँबुर्गहून न्हावाशेव्यापर्यंतचे भाडे 1,77,500 रुपये पडले. विमा मात्र कोणी वेगळा उतरविला नव्हता, किंवा त्याचा आकडा सापडत नाही. मग काय करावयाचे? नियमाने ह्याची तरतूद करून ठेवली आहे. विम्याचा खर्च समजत नसेल तर एफ. ओ. बी. किमतीच्या शेकडा 1.125 धरावा, म्हणजे येथे 22,500 रुपये. भाडे समजत नसते तर शेकडा 20 धरले असते. ह्यातून मालकांनी एक धडा घ्यावयाचा, तो हा की भाड्याची पावती जपून ठेवावी. 20 लाखांवर शेकडा 20 म्हणजे 4 लाख होतात आणि खरे भाडे त्याच्या निम्म्याहून कमी आहे. एक कागद हरवला तर जे खर्चच केलेले नाहीत अशा सव्वादोन लाखांवर शुल्क भरण्याची पाळी येईल.

विमानाने माल आणणाऱ्याला मात्र ह्याच नियमात एक सवलत आहे. विमानाचे भाडे प्रत्यक्षात कितीही असो, ते एफ. ओ. बी. किमतीच्या शेकडा 20 पेक्षा अधिक धरीत नाहीत. यंत्राचा 20,000 रुपयांचा एखादा भाग तातडीने विमानाने मागविला आणि त्याला 12,000 रुपये भाडे पडले, तरी मूल्यात 4,000 च मिळवावयाचे. नाहीतर घाईत आणलेल्या भागाच्या किमतीबरोबर त्याच्या प्रवासाच्या साऱ्या खर्चावरही कर बसला असता.

तेव्हा 20,00,000 अधिक 1,77,500 अधिक 22,500, म्हणजे निर्धारणीय मूल्य बरोबर 22,00,000 रुपये झाले. आता त्यावर वसुली कशी चढते ती पाहू. मूळ सीमाशुल्क शेकडा साडेसात धरू. त्या शुल्कावर शेकडा 10 समाजकल्याण अधिभार धरू. हा अधिभार 2018 मध्ये पूर्वीच्या शिक्षण उपकरांच्या जागी आला, आणि तो मालाच्या किमतीवर नसून शुल्कावर असतो हे ध्यानात ठेवावे. शेवटी येतो एकात्मिक वस्तू व सेवा कर, शेकडा 18. हा मात्र 22 लाखांवर नाही. मूल्य, शुल्क आणि अधिभार ह्या तिघांच्या बेरजेवर आहे. मांडणी अशी:

निर्धारणीय मूल्य: 22,00,000
मूळ सीमाशुल्क, शेकडा 7.5: 1,65,000
अधिभार, शुल्काच्या शेकडा 10: 16,500
ह्या तिन्हींची बेरीज: 23,81,500
एकात्मिक कर, बेरजेच्या शेकडा 18: 4,28,670
बंदरावर भरावयाची एकूण रक्कम: 6,10,170

साडेसात, पाऊण आणि अठरा ह्यांची बेरीज सव्वासव्वीस होते. परंतु प्रत्यक्षात 22 लाखांवर शेकडा सुमारे पावणेअठ्ठावीस पडले. ही जी दीड टक्क्याची वाढ आहे ती करावरच्या कराची आहे. पुष्कळ लोक नुसत्या दरांची बेरीज करून पैशांची तजवीज करतात आणि माल बंदरात येऊन पडल्यावर तीस-बत्तीस हजारांसाठी धावाधाव करतात. तेवढ्यात बंदराचे आणि जहाज कंपनीचे विलंबशुल्क सुरू होते.

येथपर्यंत अंकगणित झाले. आता त्याच्या अर्थाकडे वळू. 6,10,170 रुपये ही एकाच चलनाने भरलेली एक रक्कम दिसते; पण तिच्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. हे कळण्यासाठी शेजारी दुसरे यंत्र उभे करू. देशातल्याच एका कारखान्यात तसेच यंत्र होते आणि तेही 22,00,000 रुपयांनाच मिळते असे धरू. त्यावर शेकडा 18 कर, म्हणजे 3,96,000 रुपये द्यावे लागतील. म्हणजे परदेशी यंत्रावर 2,14,170 रुपये जास्त बसले. त्यांपैकी 1,81,500 हे सीमाशुल्क व त्यावरचा अधिभार, आणि उरलेले 32,670 हा त्या दोहोंवर चढलेला अठरा टक्के कर.

ह्यावरून दिसेल की बंदरावर घेतलेला एकात्मिक कर हा खरे पाहता आयातीवरचा दंड नव्हे. देशी यंत्राला जो कर आहे तोच परदेशी यंत्राला लावून दोघांना एका ओळीत उभे करणे हे त्याचे काम आहे. तो लावला नसता तर परदेशी मालच स्वस्त झाला असता आणि आपल्या कारखानदारावर अन्याय झाला असता. सीमाशुल्काचे काम नेमके उलट आहे. ते ओळ मोडण्यासाठीच असते. देशी मालाला त्याच्याशी जुळणारा कर मुळीच नाही. जो माल वेस ओलांडून आला त्यालाच ते लागते. भेद करणे हाच त्याचा धर्म आहे.

ही गोष्ट आंतरराष्ट्रीय करारातही अशीच मांडलेली आहे. 1947 साली ज्या 23 देशांनी व्यापार व जकातीसंबंधीचा सर्वसाधारण करार केला, त्यांत भारत होता. त्या कराराने देशांना वेशीवर शुल्क घेण्याची मोकळीक ठेवली. फक्त ज्या मालावर कमाल दराचे वचन दिले असेल त्यावर ते वचन मोडावयाचे नाही. परंतु वेशीच्या आत आल्यावर परदेशी मालावर देशी मालापेक्षा जास्त अंतर्गत कर लावावयाचा नाही, असे त्याच करारात बंधन आहे. भेद करावयाचा असेल तर दारात करा, उघडपणे करा, घरात बोलावून करू नका, असा त्याचा आशय.

दार आणि घर ह्यांतला हा फरक मुंबईच्या माणसाला एकेकाळी फार जवळून समजला होता. 1894 च्या डिसेंबरात इंग्रज सरकारने बाहेरून येणाऱ्या सुती मालावर शेकडा 5 आयात जकात बसविली. सरकारला पैशांची गरज होती. पण लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना भीती पडली की ह्या जकातीच्या आडोशाने मुंबईच्या गिरण्या वाढतील. तेव्हा त्याबरोबरच हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या 20 नंबरवरच्या बारीक सुतावर तेवढाच अबकारी कर बसविला. 1896 मध्ये ही व्यवस्था बदलली; सूत मोकळे केले आणि बाहेरच्या कापडावर साडेतीन टक्के जकात व येथील गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी अशी जोडी लावून दिली. सरकारच्या तिजोरीत पैसा आला. पण दारावर घेतलेली जकात घरातल्या तेवढ्याच कराने पुसून टाकली गेली आणि संरक्षण शून्य राहिले. ह्या अबकारीविरुद्ध जो संताप झाला तो साडेतीन टक्क्यांच्या बोजाचा कमी आणि ह्या पुसून टाकण्याचा अधिक होता. 1917 मध्ये कापडावरची जकात साडेसातवर गेली आणि अबकारी साडेतीनवरच राहिली, तेव्हा दोहोंतल्या चार टक्क्यांएवढे संरक्षण प्रथम मिळाले. 1926 मध्ये ही अबकारी अखेर रद्द झाली. संरक्षण मोजावयाचे तर जकातीचा दर पाहून चालत नाही, जकात वजा देशी कर अशी बाकी काढावी लागते, हे त्या इतिहासातून शिकावयाचे. आपल्या यंत्राच्या उदाहरणात आपण तेच केले.

दुसरा फरक खिशाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. आपला छापखाना वस्तू व सेवा कराखाली नोंदलेला आहे आणि त्याच्या कामावर कर लागतो. तेव्हा बंदरावर भरलेले 4,28,670 रुपये त्याचे गेले नाहीत. लेबलांच्या बिलांवर तो गिऱ्हाइकांकडून जो कर गोळा करतो, त्यातून ही रक्कम त्याला वजा करून घेता येते. कर पुढे सरकत जातो आणि शेवटी वापरणाऱ्यावर बसतो. 1,81,500 रुपयांच्या सीमाशुल्काला मात्र अशी वजावट नाही. ते यंत्राच्या किमतीत कायमचे मुरले, आणि वर्षानुवर्षे प्रत्येक लेबलाच्या भावात थोडेथोडे उतरत राहणार. म्हणून व्यापाऱ्याने 6,10,170 कडे पाहून घाबरू नये आणि 1,81,500 कडे पाहून निष्काळजी राहू नये. पहिली रक्कम त्याने आज हाताशी किती रोकड ठेवावी ते सांगते. दुसरी रक्कम त्याचा खरा खर्च सांगते.

ह्याला मर्यादा आहेत. छापील पुस्तकांवर आपल्याकडे वस्तू व सेवा कर नाही. एखाद्या प्रकाशकाने आपलीच पुस्तके कापण्यासाठी हेच यंत्र आणले तर ज्यातून वजावट घ्यावी असा करच त्याच्याजवळ नसतो, आणि 4,28,670 रुपयेही त्याच्या खर्चातच पडतात. पुस्तकावर कर नाही म्हणून पुस्तकात कर नाही, असे म्हणता येत नाही, ते ह्यामुळे. नोंदणी नसलेल्या सामान्य गृहस्थाचीही तीच स्थिती.

तिसरा फरक सत्तेचा आहे. सीमाशुल्क लावण्याचा अधिकार घटनेने फक्त केंद्राला दिला आहे, आणि त्यात सूट देण्याची अधिसूचना केंद्र सरकार केव्हाही काढू शकते. वस्तू व सेवा कराचे दर केंद्र आणि राज्ये ज्या परिषदेत बसतात तिच्या शिफारशीने ठरतात. बंदरावर घेतलेल्या एकात्मिक करातही ज्या राज्यात माल वापरला जातो त्या राज्याचा वाटा असतो. मूळ सीमाशुल्क हे राज्यांना वाटून देण्याच्या केंद्रीय करांत मोडते, परंतु त्यावरचा अधिभार त्या वाटणीत येत नाही. अर्थमंत्र्यांनी शुल्क कमी करून अधिभार वाढविला तर आयात करणाऱ्याला फरक जाणवणार नाही. राज्याच्या तिजोरीला जाणवेल.

आता पुन्हा मूल्याकडे येऊ, कारण भांडणे दरापेक्षा मूल्यावरून अधिक होतात. कायद्याचे पहिले तत्त्व असे की विकणारा आणि घेणारा परस्परांशी संबंधित नसतील आणि किंमत हाच केवळ मोबदला असेल, तर त्यांच्यात ठरलेली खरी किंमत मानावी. ह्याला व्यवहारमूल्य म्हणतात. पण बिलावरचा आकडा म्हणजे नेहमीच पूर्ण किंमत असते असे नाही. छापखान्याने जर्मन कारखान्याला यंत्रासाठी एखादा साचा फुकट करून दिला असेल, किंवा यंत्राच्या खरेदीची अट म्हणून स्वामित्वधन देण्याचे कबूल केले असेल, तर त्याची योग्य रक्कम किमतीत मिळवावी लागते. उलट, माल येथे आल्यावर यंत्र बसवून देण्यासाठी तिकडचा अभियंता येणार असेल आणि त्याचे 1,000 युरो बिलात वेगळे दाखविले असतील, तर ते मूल्यात धरीत नाहीत. तेच 1,000 युरो यंत्राच्या किमतीत मिसळून 21,000 युरोंचे एकच बिल केले, तर एक लाख रुपयांवर विनाकारण शुल्क बसेल आणि त्यातले 8,250 रुपये कधीच परत मिळणार नाहीत. बिल कसे लिहावे हे माल निघण्यापूर्वी ठरवावयाचे असते. नंतर समजावून सांगून फारसा उपयोग होत नाही.

अधिकाऱ्याला जाहीर केलेल्या किमतीविषयी वाजवी संशय आला तर तो पुरावा मागू शकतो, आणि समाधान झाले नाही तर ती किंमत नाकारू शकतो. परंतु नाकारल्यावर त्याला मनाला येईल तो आकडा घालता येत नाही. त्याने क्रमाने उतरावयाचे असते: त्याच सुमारास आलेल्या अगदी तशाच मालाची किंमत, ती नसेल तर सारख्या मालाची, तीही नसेल तर येथील विक्रीच्या भावातून खर्च व नफा वजा करून, किंवा तिकडील उत्पादनखर्चावरून, आणि सर्वांत शेवटी ह्याच तत्त्वांना धरून वाजवी अंदाजाने. नुसती किंमत कमी आहे एवढे कारण नाकारण्यास पुरत नाही. आयशर ट्रॅक्टर्सच्या प्रकरणात जपानहून आणलेल्या बेअरिंग्जवर 77 टक्के सूट होती. माल जुन्या साठ्यातला होता. कस्टम्सने किंमतपत्रकावरची किंमत धरून शुल्क मागितले. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली निर्णय दिला की नियमांत सांगितलेला अपवाद दाखविल्याशिवाय व्यवहारातली खरी किंमत बाजूला सारता येत नाही. किंमतपत्रक म्हणजे विक्रेत्याने मागितलेली किंमत, दिलेली किंमत नव्हे. अर्थात ह्याचा अर्थ खोटी बिले चालतात असा नाही. शुल्क चुकविण्यासाठी जाणूनबुजून किंमत लपविली असे ठरले तर बुडविलेले शुल्क, व्याज आणि त्या शुल्काएवढा दंडही भरावा लागतो.

शेवटचा मुद्दा सर्वांत कमी दिसणारा आहे. आयात शुल्क परदेशी माणूस भरतो अशी एक समजूत आहे. चलन छापखान्याच्या मालकाने भरले, जर्मन कारखानदाराने नव्हे, हे आपण पाहिलेच. तिकडच्या कारखानदाराने गिऱ्हाईक टिकविण्यासाठी भाव थोडा उतरविला तर काही भार त्याच्यावर जाईल. नाहीतर तो येथेच राहतो. पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. परदेशी यंत्र शुल्कासह आता 23,81,500 रुपयांना पडते हे देशी कारखानदारालाही ठाऊक असते. स्पर्धक थोडे असतील तर आपले 22 लाखांचे यंत्र तो साडेतेवीस लाखांना विकू शकतो, आणि तरीही ते स्वस्तच राहील. त्या गिऱ्हाइकाने सीमाशुल्काचा एक पैसाही भरलेला नाही, तरी त्याच्या खिशातून दीड लाख गेले. आणि ते सरकारच्या तिजोरीत नव्हे, देशी कारखानदाराकडे गेले. देशी कराचे असे होत नाही. गिऱ्हाईक जे देते ते हिशेबाने तिजोरीत जाते.

नवा उद्योग पायांवर उभा राहावा म्हणून समाजाने काही काळ हा भार जाणूनबुजून उचलावा, ह्यात गैर काही नाही. मुंबईच्या गिरण्यांसाठी आपल्या आजोबा-पणजोबांनी तेच मागितले होते. मात्र तो भार कोणी, किती आणि किती वर्षे उचलला, ह्याचा हिशेब कोठल्याही पावतीवर छापलेला नसतो. पुढच्या फेब्रुवारीत एखाद्या वस्तूवरचे शुल्क अडीच टक्के वाढले असे वाचाल, तेव्हा सरकारला किती मिळणार एवढेच विचारून थांबू नये. ती वस्तू देशात किती कारखाने करतात, त्यांच्यात चढाओढ आहे की नाही, आणि ती वापरून पुढचा माल करणारे किती आहेत, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे मिळाली म्हणजे ते अडीच टक्के शेवटी कोणाच्या घरी जाऊन बसणार हे बऱ्याच अंशी कळते.